फॉन्ट बदलला, पण मराठी तसंच राहिलं: फोनवर फॉन्ट पॅक बसवताना

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांच्या फोनवर एकच धांदल सुरू होते. खोलीचे दर, थाळ्यांची यादी, हापूसच्या पेटीचा भाव, सगळं फोनवरच लिहायचं आणि फोनवरूनच धाडायचं. मग कुणाला वाटतं की अक्षर जरा देखणं असावं. कुठून तरी फॉन्ट पॅक मिळतो, तो कसाबसा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते: "मी फॉन्ट बदललंय, पण व्हॉट्सॲपात मराठी तसाच दिसता!"

तक्रार खरी असते, पण दोष बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचा नसतो. फॉन्ट कुठे अडतो हे नीट ओळखलं तर अर्ध्याहून जास्त त्रास तिथेच संपतो. म्हणून या लेखात फॉन्ट बसवण्यापेक्षा ओळखण्यावर जास्त भर आहे. सगळं अँड्रॉइड फोन धरून लिहिलं आहे. आयफोनबद्दल थोडं पुढे येईल.

पॅक उघडून आत बघा

फॉन्ट पॅक म्हणजे बहुधा एक झिप फाईल. ती फोनच्या फाईल मॅनेजरमध्ये किंवा गूगलच्या फाइल्स ॲपमध्ये उघडली की `Extract` असा पर्याय येतो. तो दाबला की आतल्या फाइल्सचं वेगळं फोल्डर तयार होतं. झिप तशीच ठेवून फॉन्ट बसवायचा प्रयत्न केला तर पुढचं कुठलंच ॲप तो ओळखत नाही.

उदाहरण म्हणून 'मुक्ता' घेऊ. हा 'एक टाइप' नावाच्या संस्थेने बनवलेला फॉन्ट आहे, मोफत आहे, आणि गूगल फॉन्ट्सच्या fonts.google.com या पत्त्यावरून उतरवता येतो. त्याच्या फोल्डरमध्ये अशी नावं दिसतील:

```
Mukta-Regular.ttf
Mukta-Medium.ttf
Mukta-Bold.ttf
OFL.txt
```

यात एकूण सात जाडीचे फॉन्ट असतात, इथे तीनच दाखवले आहेत. `OFL.txt` हा परवाना. धंद्याच्या दरपत्रकावर हा फॉन्ट वापरायला हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. फाइल्सच्या नावाचा शेवट `.ttf` किंवा `.otf` असायला हवा. `.woff2` अशा फाइल्स दिसल्या तर तो पॅक वेबसाइटसाठी आहे, फोनवर त्याचा उपयोग नाही. काही पॅकमध्ये `VariableFont` असं नाव असलेली एकच मोठी फाईल आणि शेजारी `static` नावाचं फोल्डर असतं. अशा वेळी `static` मधल्या सुट्या फाइल्स घ्या. सगळ्या जाडी एकाच फाइलीत असलेला फॉन्ट प्रत्येक ॲपला पचतोच असं नाही.

आता इथला खास सापळा. आपल्याकडे बरेच जण पॅक आणतात तो ओळखीच्या छापखान्यातून किंवा बॅनरवाल्याकडून. त्याच्या संगणकावरचे `Kruti Dev 010` किंवा श्रीलिपीच्या धाटणीचे फॉन्ट झिप करून तो व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. अक्षरं सुरेख असतात, यात वाद नाही. पण आज फोनवर मराठी लिहिलं जातं ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची वेगळी जागा देणाऱ्या पद्धतीत, आणि हे फॉन्ट त्याच्या आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये 'मालवण' दिसण्यासाठी प्रत्यक्षात `ekyo.k` हा मजकूर असावा लागतो. e च्या जागी म, k च्या जागी काना, y च्या जागी ल, असं ते चालतं.

असा फॉन्ट फोनचा मुख्य फॉन्ट म्हणून बसवला तर काय होईल? तुम्हाला आलेला मराठी मेसेज युनिकोडमध्ये असतो, त्यामुळे तो जराही बदलत नाही. उलट फोनमधलं सगळं इंग्रजी, सेटिंग्जची नावं, बँकेचे मेसेज, सगळं अर्थहीन देवनागरीत दिसू लागतं. फोन बिघडला म्हणून माणूस घाबरतो. बिघडलेलं काहीच नसतं. ही अक्षरं बॅनरच्या चित्रात वापरायला ठीक आहेत, फोनचा फॉन्ट म्हणून मात्र कधीच नाहीत.

मराठी न बदलण्याचं खरं कारण

एका फॉन्टमध्ये जगातली सगळी अक्षरं नसतात. अँड्रॉइडचा नेहमीचा रोबोटो घ्या, त्यात देवनागरी नाहीच. तरीही फोनवर मराठी दिसतं, कारण एखादं अक्षर निवडलेल्या फॉन्टमध्ये सापडलं नाही की फोन राखीव फॉन्टांच्या यादीत ते शोधतो. मराठीसाठी बऱ्याच फोनमध्ये तिथे 'नोटो सॅन्स देवनागरी' बसलेला असतो. हा शोध अक्षर बघून होतो. म्हणून एकाच ओळीतलं 'Malvan' नव्या फॉन्टमध्ये आणि 'मालवण' जुन्या फॉन्टमध्ये, असं अगदी सहज होतं.

थोडक्यात, पॅकमध्ये देवनागरी नसेल तर तुम्ही फोन दहा वेळा बंद-चालू करा, मराठी बदलणार नाही. बाजारात दिसणारे बहुतेक 'स्टायलिश' पॅक याच जातीचे. दुकानातल्या नमुन्यात फक्त इंग्रजी ओळ दाखवतात, आणि आपण तेवढ्यावरच भाळतो.

हे बघायला पैसे लागत नाहीत. बऱ्याच सॅमसंग फोनमध्ये `Choco cooky` किंवा `Rosemary` अशा शैली आधीपासून असतात. त्यातली एक निवडून एखादी मराठी-इंग्रजी मिसळलेली चॅट उघडा. इंग्रजी अक्षरं नवा अंगरखा घालतात, मराठी होती तशीच राहतात.

चाचणीची एक ओळ

फॉन्ट बसवण्याआधी आणि बसवल्यावर, फोनसोबत आलेल्या साध्या नोट्स ॲपमध्ये ही ओळ लिहून ठेवा:

```
किनाऱ्यावर वेंगुर्ले ॲप १२३ Malvan 123
```

ओळ मुद्दाम अशी निवडली आहे. 'किनाऱ्यावर' मधला अर्धा र नीट चंद्रकोरीसारखा जुळला पाहिजे. तिथे पाय मोडलेला र वेगळा दिसला तर फॉन्ट मराठीसाठी नीट बनवलेला नाही. 'वेंगुर्ले' मधला रफार ल वर बसला पाहिजे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि एकटं तेवढंच अक्षर वेगळ्या वळणाचं दिसतं किंवा त्या जागी चौकोन येतो. पुढे मराठी आणि इंग्रजी आकडे आहेत, कारण काही पॅकमध्ये अक्षरं असतात पण मराठी आकडे नसतात. दरपत्रक करणाऱ्याला हे अगदी शेवटी कळतं, तेव्हा सगळा मजकूर लिहून झालेला असतो.

फॉन्ट बदलल्यावर ही ओळ पुन्हा बघा. फक्त इंग्रजी बदललं असेल तर पॅकमध्ये देवनागरी नाही, पॅक बदला. दोन्ही बदललं असेल तर पॅक आणि फोन दोन्ही ठीक आहेत, आणि जे ॲप अजून जुनंच दाखवतं त्याचा प्रश्न वेगळा आहे. काहीच बदललं नसेल तर फॉन्ट मुळात लागलेलाच नाही, म्हणजे उतरवला पण 'लागू करा' दाबायचं राहिलं.

फोनचा मुख्य फॉन्ट बदलताना

सॅमसंगमध्ये सेटिंग्जमधून `Display`, मग `Font size and style`, मग `Font style` इथे जायचं. खाली `Download fonts` दाबलं की गॅलेक्सी स्टोअर उघडतं. तिथून घेतलेला फॉन्ट याच यादीत येऊन बसतो, आणि मग त्यावर एकदा टिचकी मारून तो निवडायचा. तिथे 'Hindi' किंवा 'Devanagari' असं लिहून शोधा, कारण मराठी चालणारे फॉन्टही पुष्कळदा याच नावांखाली ठेवलेले असतात. विकत घेण्याआधी नमुन्याच्या चित्रात देवनागरी अक्षर दिसतंय का ते बघा. न दिसल्यास पैसे घालू नका.

तुम्ही स्वतः उतरवलेली `Mukta-Regular.ttf` ही फाईल सॅमसंगच्या त्या यादीत थेट टाकता येत नाही. नव्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. फाईलवर टिचकी मारली की फोन "ही फाईल उघडता येत नाही" म्हणतो, आणि वाटतं फाईल खराब आहे. फाईल चांगली असते, फक्त तिचं ठिकाण दुसरं आहे. ते खाली सांगतो.

शाओमी-रेडमीमध्ये `Themes` ॲपमध्ये फॉन्टचा वेगळा विभाग असतो. ओप्पो, रिअलमी, विवो यांच्याकडेही आपापलं थीमचं दुकान आहे. रीत तीच: दुकानातून घ्या, लागू करा, चाचणीची ओळ बघा. काही फोनमध्ये मात्र कंपनीने दिलेल्या ठराविक चार-पाच शैलींपलीकडे काहीच बदलता येत नाही. तिथे डोकं आपटू नका.

वाटेल तो टीटीएफ फोनभर लावून देतो म्हणणारी ॲपं प्ले स्टोअरवर आहेत. काही फोनवर ती चालतातही. पण फॉन्ट बसवणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क किंवा एसएमएस वाचायचं काहीच कारण नसतं. अशी परवानगी मागितली की ते ॲप काढून टाका. ज्या फोनवर पर्यटकांचे आगाऊ पैसे येतात त्या फोनवर तर नक्कीच.

एखादं ॲप अजूनही जुनंच दाखवत असेल तर

समजा चाचणीची ओळ पूर्ण बदलली, तरी एखाद्या ॲपमध्ये जुनंच अक्षर आहे. आधी ते ॲप नीट बंद करा. नुसतं मागे जाणं पुरत नाही, कारण ॲप पाठीमागे जिवंत असतं आणि सुरू होताना घेतलेला फॉन्टच धरून बसतं. सेटिंग्जमध्ये `Apps`, मग ते ॲप, मग `Force stop`. पुन्हा उघडा. एवढ्याने नाही झालं तर फोन एकदा रीस्टार्ट करा. सगळं जुळलेलं असताना फक्त एकच ॲप मागे राहिलं असेल, तर बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं.

इथे एक सावधगिरी. त्याच पडद्यावर `Storage` मध्ये `Clear cache` आणि `Clear data` अशी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. पहिलं दाबायला हरकत नाही. दुसऱ्याने ॲपमधली माहिती पुसली जाते, आणि बॅकअप नसेल तर व्हॉट्सॲपच्या चॅटही जातात. फॉन्टसाठी ते दाबायची गरज कधीच पडत नाही.

रीस्टार्ट करूनही फरक नाही, तर ते ॲप स्वतःचा फॉन्ट सोबत घेऊन आलेलं आहे असं समजा. ॲप बनवणारा ठरवू शकतो की फोनचा फॉन्ट वापरायचा की आपला. गूगलच्या बऱ्याच ॲपमध्ये गूगलचा स्वतःचा फॉन्ट असतो, आणि पैशांच्या व्यवहाराच्या ॲपमध्येही हे पुष्कळदा दिसतं. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये फोनचा फॉन्ट येतो, पण त्याच व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये मजकूर लिहिताना ज्या शैली मिळतात त्या व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या. ब्राउझरमधलं पानही तसंच, वर्तमानपत्राच्या साइटने आपला फॉन्ट दिला असेल तर तोच दिसेल. यावर बाहेरून इलाज नाही, आणि शोधत बसण्यात अर्थही नाही.

तिसरा प्रकार जरा फसवा आहे: साधा मजकूर बदलतो, पण ठळक मथळे जुनेच राहतात किंवा फुगल्यासारखे दिसतात. ही जाडीची अडचण. ॲप ठळक अक्षर मागतं आणि पॅकमध्ये ते नसतं. मग फोन साध्याच अक्षराला ओढून-ताणून जाड करतो, किंवा मूळ फॉन्टकडे परत जातो. 'तिरो देवनागरी मराठी' हा देखणा फॉन्ट आहे, ल आणि श मराठी वळणाचे, छापील पुस्तकासारखे. पण तो साधा आणि तिरका एवढ्याच दोन रूपांत मिळतो, ठळक नाहीच. जेवणाच्या यादीतल्या पदार्थांसाठी तो उत्तम, पण वरच्या मोठ्या ठळक नावासाठी मुक्ता किंवा 'बलू २' बरा.

दरपत्रकाचं काम: फाईल ॲपमध्येच बसवायची

आता उतरवलेल्या त्या `Mukta-Regular.ttf` फाईलचं काय ते बघू. शेजारच्या वहिनींचं उदाहरण घ्या. त्यांच्या दोन खोल्या आहेत, आणि पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर थाळ्यांची यादी पाठवायची होती. फोन सॅमसंगचा. त्यांनी स्टोअरमधून एक फॉन्ट लावला, यादी टाइप केली, आणि पुण्याच्या पाहुण्यांना पाठवली. पाहुण्यांच्या फोनवर ती साध्याच अक्षरात पोचली.

ती तशीच पोचणार होती. मेसेजमध्ये फक्त मजकूर जातो, फॉन्ट जात नाही. समोरच्याच्या फोनवर त्याचाच फॉन्ट दिसतो. आपल्या फोनचा फॉन्ट हा फक्त आपल्या डोळ्यांसाठी असतो. दुसऱ्याला तेच अक्षर दाखवायचं तर मजकूर चित्र किंवा पीडीएफ करून पाठवावा लागतो, आणि त्यासाठी फोनचा फॉन्ट बदलायची गरजच नाही.

पिक्सेललॅब या चित्रावर मजकूर लिहायच्या ॲपमध्ये हे असं होतं. फाईल मॅनेजरमध्ये `Fonts` नावाचं एक फोल्डर करून त्यात मुक्ताच्या `Regular` आणि `Bold` या दोन फाइल्स ठेवायच्या. ॲपमध्ये मजकूर लिहून तो निवडायचा, फॉन्टच्या पर्यायात जायचं, आणि `My Fonts` या टॅबमध्ये फोल्डरच्या चिन्हावर दाबून आपलं फोल्डर दाखवायचं. ॲप फाइल्स वाचायची परवानगी मागेल, इथे ती द्यावी लागते, नाहीतर यादी रिकामीच राहते. फाइल्स ठेवूनही यादी रिकामी असेल तर दोनच गोष्टी बघा: परवानगी नाकारली गेली का, आणि फाइल्स अजून झिपच्या आतच आहेत का.

वहिनींनी वरचं 'घरगुती जेवण' ठळक मुक्तामध्ये घेतलं, खाली सुरमई थाळी, बांगडा थाळी, शाकाहारी थाळी आणि सोलकढी साध्या मुक्तामध्ये. दर एका रांगेत यावेत म्हणून त्यांनी नावं आणि आकडे दोन वेगळ्या मजकुरांत ठेवले आणि आकड्यांचा मजकूर उजवीकडे जुळवला. मधे जागा सोडून रांग जुळवायला गेलं की ती हमखास वाकडी होते, कारण या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. मग चित्र साठवून पाठवलं, ते सगळीकडे तसंच दिसलं.

छापखान्याचा कृतिदेवच आवडला असेल तर तोही इथे चालतो. आधी आपला मराठी मजकूर युनिकोडमधून कृतिदेवमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाका, तिथून `ekyo.k` अशा रूपात जे मिळेल ते पिक्सेललॅबमध्ये चिकटवा आणि मग कृतिदेव निवडा. आधी फॉन्ट निवडून त्यावर गूगल कीबोर्डने मराठी टाइप केलं तर अक्षर बदलणार नाही. पुष्कळ जण इथेच अडतात आणि पॅकला दोष देतात.

कॅनव्हामध्ये स्वतःची फॉन्ट फाईल चढवायची सोय पैसे भरलेल्या खात्यातच आहे. फुकट खातं असेल तर त्यांच्याच यादीत देवनागरी फॉन्ट शोधून घ्यावा.

काही किरकोळ गोष्टी

आयफोनमध्ये संपूर्ण फोनचा फॉन्ट बदलत नाही, व्हॉट्सॲपचाही नाही. २०१९ साली आलेल्या आयओएस १३ पासून फॉन्ट बसवता येतात, पण ॲप स्टोअरवरच्या फॉन्टच्या ॲपमधून, आणि ते पेजेस किंवा मेलसारख्या, फॉन्ट निवडू देणाऱ्या ॲपमध्येच वापरता येतात. बसलेले फॉन्ट सेटिंग्जमध्ये `General` खाली `Fonts` इथे दिसतात.

आणि कीबोर्डवर 'फॅन्सी फॉन्ट' देणारी ॲपं मराठीच्या काहीच कामाची नाहीत. ती फॉन्ट बदलत नाहीत, इंग्रजी अक्षरांऐवजी गणितातली तशी दिसणारी चिन्हं टाकतात. देवनागरीसाठी अशी चिन्हंच नाहीत, म्हणून मराठी लिहिलं की ते ॲप गप्प बसतं.

अँड्रॉइडचं मोठं अपडेट आल्यावर दुकानातून लावलेला फॉन्ट कधी कधी आपोआप निघून मूळ फॉन्ट परत येतो. अशा वेळी त्याच दुकानातून नव्या आवृत्तीसाठीची फाईल पुन्हा उतरवून लावावी लागते. पिक्सेललॅबच्या फोल्डरमधल्या तुमच्या `.ttf` फाइल्स तशाच राहतात, फक्त परवानगी पुन्हा द्यावी लागू शकते.